स्टीव्हिया कडू का लागतं, आणि मंक फ्रूटच्या पुडीत नेमकं काय असतं

प्रश्न: दादा, आम्ही खानापूरला असतो. सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. परड्यात स्टीव्हियाचं रोप लावलंय. पानं चहात उकळली की चहा गोड होतो, पण मागाहून जीभ कडू होते. मग दुकानातून पांढरी स्टीव्हिया पावडर आणून पाडव्याला श्रीखंड केलं, तेही कडवट झालं. आता सगळे म्हणतात मंक फ्रूट घ्या, पण ती पुडी फार महाग. हे कडू का लागतं? आणि रोज दिलं तर चालेल का? पाच वर्षांचा नातू आजीच्याच कपातला चहा मागतो.

उत्तर:

ताई, पानांचा कडवटपणा वेगळा आणि श्रीखंडाचा वेगळा. पानांच्या बाबतीत तुम्ही न गाळलेली, न निवडलेली वस्तू चहात घालताय. श्रीखंडात पावडर चांगली असली तरी तिच्याकडून तिला न झेपणारं काम करून घेतलंत. मंक फ्रूटच्या पुडीत मंक फ्रूट बहुधा चिमूटभरच असतं. सासूबाईंना शुद्ध स्टीव्हिया रोज चालेल, मापात. नातवाचं माप मात्र वेगळं काढावं लागेल, ते खाली करून दाखवतो. मी अन्नतंत्रज्ञ आहे आणि वनस्पतींचे अर्क काढायच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

स्टीव्हिया हे मूळ पॅराग्वेचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं पेयांत घालत आले. १९३१ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानातला गोड पदार्थ वेगळा केला, त्याचं नाव स्टीव्हिओसाइड. जपानने १९७० च्या दशकात तो बाजारात आणला. पानात असा एकच पदार्थ नसतो, तर एकाच घराण्यातले बरेच असतात. सगळ्यांचा गाभा एकच, त्याला स्टीव्हिऑल म्हणतात, आणि त्या गाभ्याला ग्लुकोजचे रेणू जोडलेले असतात. स्टीव्हिओसाइडला तीन ग्लुकोज, रिबॉडिओसाइड ए म्हणजे ‘रेब ए’ला चार, रेब डीला पाच आणि रेब एमला सहा.

कडूपणाची किल्ली या ग्लुकोजच्या संख्येत आहे. हे रेणू जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे साधारण पंचवीस प्रकारचे ग्राही आहेत. त्यांपैकी दोन, टास-टू-आर-४ आणि टास-टू-आर-१४, स्टीव्हियाच्या रेणूंनी जागे होतात, हे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. सर्वसाधारण नियम असा, की गाभ्यावर ग्लुकोज कमी असेल तर कडू जास्त आणि ग्लुकोज वाढत जाईल तसा कडूपणा कमी. स्टीव्हिओसाइड बऱ्यापैकी कडू, रेब ए त्याहून कमी, आणि रेब एम साखरेच्या पुष्कळ जवळ.

आता तुमच्या परड्यातल्या पानाकडे बघू. वाळलेल्या पानात साधारण पाच ते दहा टक्के स्टीव्हिओसाइड असतं, दोन ते चार टक्के रेब ए आणि रेब डी-एम तर नावापुरतेच. म्हणजे जे जास्त कडू, तेच जास्त. त्यात रोपवाटिकेतलं रोप बियांपासून केलेलं असेल तर प्रत्येक रोपाचं प्रमाण वेगळं निघतं, कारण हे पीक परपरागीकरणाचं आहे. शेजारच्या घरातलं रोप गोड आणि तुमचं कडवट, असं सहज होऊ शकतं. कळ्या धरल्या की पानातला गोड अंशही उतरायला लागतो. आपल्याकडे दिवस लहान झाले की हे रोप पटकन फुलावर येतं, म्हणून कळी दिसायच्या आत फांद्या कापून पानं सावलीत पण लवकर वाळवायची. ओली राहून काळी पडलेली पानं टाकून द्या.

पण पानाचा सगळा दोष स्टीव्हिओसाइडवर टाकता येणार नाही. पानात टॅनिन असतं, हरितद्रव्य असतं, तुरट-कडू असे इतर बरेच पदार्थ असतात. तुम्ही पान चहापुडीबरोबर खळखळ उकळता, तेव्हा ते सगळे पाण्यात उतरतात आणि चहाच्या टॅनिनला येऊन मिळतात. मात्राही बघा. एक ग्रॅम वाळलेल्या पानात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास गोड अंश असतो. तो सगळा उतरला तर वीस ग्रॅम साखरेइतकं, म्हणजे चार-पाच चमचे साखरेचं गोड होईल. एका कपाला चिमटीत मावेल एवढा चुराच पुष्कळ झाला. लोक चमचाभर टाकतात.

कारखान्यात याच पानाची पांढरी पावडर कशी होते ते सांगतो, म्हणजे दुकानात कशाचे पैसे देतोय ते कळेल. आपल्या भागात गुऱ्हाळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उसाचा रस काहिलीत तापला की चुना आणि भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात, मग रस निवळ होतो. स्टीव्हियाची पहिली निम्मी वाट अगदी अशीच आहे. वाळलेली पानं दहा-पंधरा पट गरम पाण्यात भिजवतात. पाणी उकळतं नसतं, साधारण पन्नास ते सत्तर अंश. एकदा काढून झालं की त्याच पानांवर पुन्हा ताजं पाणी घेतात. जो काढा मिळतो तो गडद तपकिरी, फेसाळ आणि चवीला भयंकर असतो. त्यात चुन्याची निवळी घालून तो अल्कधर्मी करतात आणि सोबत लोहाचा किंवा ॲल्युमिनियमचा क्षार घालतात. प्रथिनं, पेक्टिन, टॅनिन, रंग यांचा साका होऊन तळाशी बसतो. फिल्टर प्रेसमधून गाळलं की फिकट पिवळं पाणी हाती येतं.

गुऱ्हाळाशी असलेलं साम्य इथे संपतं, कारण इथून पाणी आटवलं तर गोड अंशाबरोबर उरलेली घाणही घट्ट होते. म्हणून हे पाणी रेझिनच्या उंच नळकांड्यांतून सोडतात. रेझिन म्हणजे सच्छिद्र प्लॅस्टिकचे बारीक मणी. स्टीव्हियाचे गोड रेणू या मण्यांना धरून राहतात. साखर, क्षार आणि पाण्यात विरघळणारा बाकीचा माल निघून जातो. मणी पाण्याने धुऊन घेतात, मग साठ-सत्तर टक्के अल्कोहोल सोडलं की गोड रेणू सुटून खाली येतात. पुढे सक्रिय कोळशाने रंग काढतात, आयन बदलणाऱ्या रेझिनने क्षार काढतात, अल्कोहोल उडवून परत घेतात आणि उरलेलं पाणी गरम हवेत फवारून पावडर करतात. एकूण गोड अंश पंच्याण्णव टक्क्यांवर नेता येतो, पण त्यात स्टीव्हिओसाइड आणि रेब ए अजून एकत्रच असतात. ते वेगळे करायला पावडर पुन्हा अल्कोहोलमध्ये विरघळवून स्फटिक पाडतात. रेब ए आधी खाली बसतो, स्टीव्हिओसाइड बरंचसं द्रावात राहतं.

म्हणून डब्यावर दोन आकडे असू शकतात आणि दोन्ही वाचायचे. एक, एकूण स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड किती टक्के, तो ९५ हवा. दुसरा, त्यातला रेब ए किती. ‘रेब ए ६०’ असेल तर उरलेल्या भागात स्टीव्हिओसाइड भरपूर आहे, शुद्ध असूनही कडवट लागणार. ‘रेब ए ९७’ घ्या. रेब एमची पावडरही आता मिळते. पानात तो इतका कमी असतो की बहुतेक वेळा रेब एला विकरांच्या मदतीने आणखी ग्लुकोज जोडून किंवा यीस्टकडून आंबवून तो तयार करतात. चवीला तो सगळ्यांत चांगला, किमतीला जास्त. ज्या डब्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि आतली पावडर हिरवट किंवा तपकिरी आहे, पाण्यात घातली की तळाशी गाळ बसतो, गवतासारखा वास येतो, ती दळलेली पानंच आहेत. असा डबा अर्क म्हणून विकलेला मीही आणून पाहिला आहे.

आता श्रीखंड. नेहमीच्या श्रीखंडात शंभर ग्रॅममागे चाळीस ग्रॅमपर्यंत साखर असते. डब्यावर ‘साखरेच्या अडीचशे पट गोड’ लिहिलेलं असतं, म्हणून चाळीस भागिले अडीचशे, म्हणजे शंभर ग्रॅमला १६० मिलिग्रॅम असा सरळ हिशोब माणूस करतो. इथेच फसगत होते. अडीचशे पट हा आकडा कमी गोडीलाच लागू पडतो. जसजसं रेब ए वाढवत जाऊ, तसा प्रत्येक जादा मिलिग्रॅम कमी गोड देतो, आणि साधारण दहा टक्के साखरेच्या पाण्याइतकी गोडी आली की वाढ थांबते. त्यापुढे कितीही घाला, गोडी तिथेच राहते. कडूपणा मात्र वाढतच जातो. तुमचं श्रीखंड त्या रेषेच्या पलीकडे गेलं होतं, आणि ‘अजून गोड नाही’ म्हणून बहुधा तुम्ही आणखी घातलं असणार. जवळपास सगळे तेच करतात.

दुसरी अडचण अंगाची. साखर चक्क्यातलं पाणी ओढून त्याला सैल, तुकतुकीत करते, आंबटपणा झाकते आणि टिकवतेही. स्टीव्हिया यातलं काहीच करत नाही. साखर काढून घेतली की चक्का कोरडा, रवाळ आणि आंबट राहतो, आणि आंबटपणा उघडा पडला की मागून येणारी कडू चव जास्त जाणवते. त्यामुळे नेहमीच्या श्रीखंडाची नक्कल करायचा नाद सोडा आणि कमी गोडाचं वेगळं श्रीखंड करा.

आधी मोजायची सोय करा, कारण रेब एची मिलिग्रॅममधली मापं चमच्याच्या टोकावर कधीच जमत नाहीत. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा, एक शतांश ग्रॅम दाखवणारा, बाजारात स्वस्तात मिळतो. त्यावर अर्धा ग्रॅम रेब ए ९७ तोला आणि उकळून कोमट केलेल्या शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवा. औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात बरोबर पंचवीस मिलिग्रॅम येईल, साधारण सहा ग्रॅम साखरेची गोडी. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. रेब ए थंड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तळाशी सुयांसारखे स्फटिक दिसले तर बाटली कोमट पाण्यात धरून हलवा. तसंच ओतलं तर पहिले कप फिके आणि शेवटचे कडू होतील.

चहाच्या एका कपाला या द्रावाचा एक चमचा. चहा गाळल्यावर घाला. उकळीने रेब ए बिघडत नाही, पण नंतर घातलं की कपाकपाला माप राहतं. दूध थोडं जास्त, आलं किंवा वेलची, आणि चहापूड कमी वेळ उकळलेली, एवढ्याने बराच फरक पडतो. दुधातले स्निग्धांश आणि प्रथिनं कडूपणा दाबतात. चिमटीच्या टोकावर मीठ घालून बघा, मिठाने कडू चव बऱ्याचदा मावळते. डॉक्टरांची हरकत नसेल तर अर्धा चमचा साखर आणि अर्धा चमचा द्राव ही जोडी सगळ्यांत चांगली लागते. त्याचं कारण वेळेत आहे. साखरेची गोडी जिभेवर लगेच येते आणि लगेच जाते, स्टीव्हियाची उशिरा येते आणि रेंगाळते. पहिला घोट साखर सांभाळते, पुढचं काम स्टीव्हिया करतं.

श्रीखंडासाठी अर्धा किलो ताजा, आंबट न झालेला चक्का घ्या. नेहमीपेक्षा कमी वेळ टांगा, म्हणजे ओलसर राहील. त्यात शंभर मिलिलिटर आटवलेलं दूध किंवा साय, आणि द्रावाचे सहा चमचे, म्हणजे एकूण दीडशे मिलिग्रॅम. गोडी साधारण पाच-साडेपाच टक्क्यांची येईल. वेलची, जायफळ, दुधात भिजवलेलं केशर सढळ हाताने घाला, फेटा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घरातल्या बाकीच्यांना फिकं वाटलं तर त्यांच्या वाट्यात वरून तीस-चाळीस ग्रॅम पिठीसाखर मिसळा. हे तीन-चार दिवसांत संपवायचं, साखरेच्या श्रीखंडासारखं ते टिकणार नाही. कुंद्याचा प्रयत्न मात्र करू नका. कुंद्याचा रंग, वास आणि कण साखर भाजली जाण्यातून येतो, तिथे स्टीव्हिया उपयोगाचं नाही.

मंक फ्रूट म्हणजे चीनच्या ग्वांगशी प्रांतात, ग्वेलिन शहराच्या आसपासच्या डोंगरात पिकणारं वेलीवरचं फळ. कुळ आपल्या भोपळ्याचं, कारल्याचं. आणि गंमत म्हणजे कोवळं फळ कडूच असतं. त्यातल्या गाभ्याला, म्हणजे मोग्रॉलला, सुरुवातीला दोनच ग्लुकोज जोडलेले असतात. फळ वेलीवर अडीच महिने पिकत जातं तसे तीन, चार आणि शेवटी पाच होतात. पाचवाल्याला मोग्रोसाइड व्ही म्हणतात, तो साखरेच्या अडीचशे पटीच्या आसपास गोड. कच्ची तोडलेली फळं अर्कात मिसळली की त्यात कडूपणा येतो. स्टीव्हियात जो नियम पाहिला तोच इथे एका फळाच्या आयुष्यात दिसतो.

अर्क काढायची रीत जवळपास तीच: ठेचलेलं फळ गरम पाण्यात, गाळणी, रेझिन, अल्कोहोल, फवारून वाळवणं. फरक असा की फळात स्वतःची साखरही असते, तिला रेझिनवरच बाजूला सारावं लागतं, आणि फळ लवकर नासतं. पूर्वी ते भट्टीत वाळवून ठेवत, त्याने करपट वास यायचा, म्हणून आता बहुतेक ताज्या फळावरच काम होतं. वाळलेल्या फळात मोग्रोसाइड व्ही एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. नर-मादी वेली वेगळ्या, परागीकरण हाताने. महाग असण्याची कारणं ही. आपल्याकडे हिमाचलात पालमपूरच्या संस्थेने याची लागवड सुरू केली आहे, पण बाजारातला माल अजून मुख्यतः चीनचाच. चवीला मंक फ्रूट स्टीव्हियापेक्षा कमी कडू लागतं, मागे खरबुजासारखी चव राहते.

आता तुम्हाला सांगितलेली ती पुडी हातात घ्या आणि घटकांची यादी वाचा. ‘साखरेइतकीच वापरा, एकास एक’ असं लिहिलं असेल तर पहिला घटक बहुधा एरिथ्रिटॉल असेल. हा साखर-अल्कोहोल, गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के. हिशोब करू. एक ग्रॅम एरिथ्रिटॉलने दोन-तृतीयांश गोडी आली, उरलेली एक-तृतीयांश मंक फ्रूटकडून हवी. त्याला मोग्रोसाइड व्ही दीड मिलिग्रॅम लागेल. बाजारातला अर्क पन्नास टक्क्यांचा धरला तर तीन मिलिग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुडीत मंक फ्रूटचा अर्क ग्रॅमच्या तिसऱ्या भागाएवढा आणि बाकी सगळं एरिथ्रिटॉल. पुडी चाखली की तोंडात गारवा जाणवतो तो त्याचाच. काही स्वस्त स्टीव्हिया पुड्यांत एरिथ्रिटॉलऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं. शुगरच्या माणसाला ती पुडी कामाची नाही, कारण ते दोन्ही रक्तातली साखर भराभर वाढवतात.

सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच लावायला हवा: पुरावा कोणत्या वस्तूचा आहे? स्टीव्हियाबद्दल भीती जुनी आहे. १९६८ मध्ये पानांचा काढा दिलेल्या उंदरांत गर्भधारणा कमी झाल्याचा एक लेख आला होता, आणि १९८५ मध्ये स्टीव्हिऑलमुळे जंतूंच्या एका विशिष्ट वाणात जनुकीय बदल दिसले. दोन्हींचा पाठपुरावा झाला. शुद्ध अर्कावर नंतर केलेल्या प्रयोगांत प्रजननावर तसा परिणाम दिसला नाही, आणि प्राण्यांच्या शरीरात जनुकांना इजा होते असंही आढळलं नाही. शरीरात याचं काय होतं तेही माहीत आहे. लहान आतडं हे रेणू पचवू शकत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ग्लुकोज तोडून खातात, उरलेलं स्टीव्हिऑल रक्तात जातं, यकृत त्याला बांधून टाकतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं.

मर्यादा ठरली ती उंदरांच्या दोन वर्षांच्या प्रयोगावरून. रोज शरीराच्या दर किलोला ९७० मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड देऊनही अपाय दिसला नाही. ते स्टीव्हिऑलमध्ये मोजलं तर साधारण ३८८ मिलिग्रॅम होतं. त्याला शंभरने भागून, म्हणजे माणूस आणि उंदीर यांतल्या तसंच माणसामाणसांतल्या फरकाची सोय ठेवून, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये दर किलोला रोज चार मिलिग्रॅम स्टीव्हिऑल ही मर्यादा घातली. युरोपने २०११ मध्ये आणि आपल्या एफएसएसएआयने २०१५ मध्ये परवानगी दिली. ही मर्यादा पंच्याण्णव टक्के शुद्ध अर्काची आहे. त्या शुद्धतेच्या व्याख्येत शिसं, आर्सेनिक, उरलेलं मिथेनॉल यांच्याही सीमा आहेत. परड्यातल्या पानाला किंवा तपकिरी चुऱ्याला हा पुरावा लावता येत नाही. अमेरिकेचं अन्नखातं तर अख्खं पान आणि कच्चा अर्क गोडीसाठी मान्यच करत नाही. एखाद्या वेळी पानाच्या चहाने काही होईल असं मी म्हणणार नाही, पण रोजच्यासाठी मी शुद्ध पावडरच देईन.

तुमच्या घरचा हिशोब करू. रेब एचा साधारण एक-तृतीयांश भाग स्टीव्हिऑल असतो. सासूबाई साठ किलोच्या धरल्या तर मर्यादा २४० मिलिग्रॅम स्टीव्हिऑल, म्हणजे सव्वासातशे मिलिग्रॅम रेब ए. आपल्या द्रावाचे एकोणतीस चमचे. दिवसाला चार कप चहा आणि वाटीभर श्रीखंड घेतलं तरी त्या त्याच्या जवळपासही जाणार नाहीत. नातू अठरा किलोचा धरला तर त्याची मर्यादा २१८ मिलिग्रॅम, आठ-नऊ चमचे. एका कपाने काही बिघडत नाही, पण पाडव्याच्या त्या श्रीखंडाची शंभर ग्रॅमची वाटी म्हणजे त्याच्या मर्यादेचा तीन-चतुर्थांश झाला असता. शिवाय पाच वर्षांच्या पोराला चहाही नको आणि गोडीचा पर्यायही नको. त्याला साधं दूध द्या.

औषध म्हणून मात्र यातलं काही समजू नका. टाइप-२ मधुमेह असलेल्यांना रोज एक हजार मिलिग्रॅम रेब ए सोळा आठवडे देऊन २००८ मध्ये बघितलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर वाढली नाही आणि कमीही झाली नाही. फायदा साखर न खाण्याचा आहे. गूळ घालून ‘साखर सोडली’ म्हणणाऱ्यांना हाच मुद्दा मी सांगतो, गूळ ही रक्ताच्या दृष्टीने साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी असे पर्याय वापरू नयेत असा सल्ला दिला, त्यात स्टीव्हियाही आहे. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही असं तिथेच नमूद आहे, आणि तो विषारीपणाबद्दलचा निष्कर्ष नाही.

मंक फ्रूटचा पुरावा याहून विरळ आहे. अमेरिकेच्या अन्नखात्याने २०१० मध्ये त्याच्या वापरावर आक्षेप घेतला नाही. उलट युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की हाती असलेली माहिती सुरक्षित ठरवायला पुरेशी नाही. अपाय दिसला असा याचा अर्थ नव्हे. दीर्घकाळच्या प्रयोगांची जी शिदोरी स्टीव्हियाकडे आहे ती अजून याच्याकडे नाही, एवढंच. एरिथ्रिटॉलबाबत २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातलं त्याचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दिसला. तीस ग्रॅम प्यायला दिल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून अधिक चढलेली राहिली. आपलं शरीर स्वतःही ग्लुकोजपासून एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे त्या संबंधातून कारण सिद्ध होत नाही. पण सासूबाईंच्या वयाच्या, शुगर असलेल्या माणसाला रोज वीस-तीस ग्रॅम एरिथ्रिटॉल देण्याची मला घाई नाही. तुमच्या घरासाठी माझी निवड रेब ए ९७ ची छोटी बाटली हीच, पुडी नको.

शेवटी गोळ्यांबद्दल. चहातली आणि जेवणातली साखर एकदम बंद केली तर चालू गोळ्यांचा डोस जास्त ठरू शकतो, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर. बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर साखर जास्त वेळा तपासा. सासूबाईंना अचानक घाम सुटला, हात थरथरले, गोंधळल्यासारखं झालं, तर त्या वेळी स्टीव्हियाचा चहा कामाचा नाही, कारण त्याने रक्तातली साखर वाढणार नाही. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, उतार नसेल तर परत द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता लगेच दवाखान्यात न्या. त्यासाठी साखरेचा छोटा डबा द्रावाच्या बाटलीपासून वेगळा, नाव लिहून, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.